निंबाचा अष्टकोनी पार : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल, रविवार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना निंब आहे आणि त्याभोवती बारा बाय बारा फुटांचा चौकोनी पार. खरं तर ‘होता’ म्हणायला हवं. कापसाच्या हंगामात ट्रॉल्या वळताना त्याचे दोन कोपरे गेले, तिसऱ्याच्या विटा हलतात आणि चौथा भिंतीच्या बाजूला असल्यामुळे तेवढा शाबूत आहे. नानांनी (माझे सासरे) ठरवलंय की आखाजीच्या आत नवा पार बांधायचा. आखाजीला गावच्या लेकी माहेरी येतात, त्या बसणार कुठे, हा त्यांचा मुद्दा.

कोपरेच जर ट्रॉलीला आडवे येतात तर ते ठेवायचेच कशाला? चारही कोपरे सारखे छाटले की अष्टकोन होतो. मधल्या बिंदूपासून चौकोनाचा कोपरा साडेआठ फुटांवर असतो, अष्टकोनाचा साडेसहा. म्हणजे वळणावर दोन फूट जागा मोकळी होते आणि बसायची जागा फारशी जात नाही. किती जाते ते नीट काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरातली गणिताची मास्तरीण.

आप्पा मिस्त्री आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ताई, तीन भाग करी टाकूत ना. चार, चार, चार.” बारा फुटांच्या बाजूचे तीन सारखे भाग, दोन्हीकडचे चार-चार फूट छाटायचे, मधले चार ठेवायचे. ऐकायला इतकं सरळ की मीही मान डोलावली. रात्री कागदावर काढलं तेव्हा चूक दिसली. सरळ बाजू ४ फूट, पण छाटलेली तिरकी बाजू ४ × √२, म्हणजे जवळजवळ ५ फूट ८ इंच. चार बाजू आखूड आणि चार लांब.

यातली फसवणूक अशी की कोनांवरून हे कळतच नाही. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर घेतलं की कापलेला त्रिकोण समद्विभुज काटकोनी होतो, त्याचे दोन कोन ४५ अंशांचे, आणि अष्टकोनाचे आठही कोन १३५ अंशांचे येतात. छाट एक फुटाची असो वा चार फुटांची, कोन बदलत नाहीत. मिस्त्रींनी गुण्या लावून आठही कोपरे तपासले असते, सगळे पास झाले असते आणि पार तरी वेडावाकडा दिसला असता. इथे बाजूच मोजायला हव्यात.

७ एप्रिल

दिराचा मुलगा नववीत आहे. त्याला समोर बसवून हिशेब केला. चौकोनाची बाजू a, कोपऱ्यापासून छाटायचं अंतर x, उरलेली बाजू b.

```
x + b + x = a
b = x√2
x = a / (2 + √2) = a − a/√2
```

पहिली ओळ बाजूची, दुसरी तिरक्या कापाची. दोन्ही एकत्र केल्या की तिसरी येते. a बारा फूट असेल तर x येतो ३.५१५ फूट आणि b ४.९७१ फूट. मिस्त्रींच्या भाषेत (इंचाचे आठ सूत) छाट ३ फूट ६ इंच दीड सूत आणि बाजू ४ फूट ११ इंच ५ सूत.

पोरगा म्हणाला, “काकू, दीड सूत कोण मोजणार?” बरोबर आहे. जमिनीवर फक्कीची रेघच चार सूत रुंद असते. पण तिसऱ्या ओळीचा शेवटचा भाग मला पुन्हा पुन्हा खुणावतोय : a मधून a/√२ वजा. a/√२ म्हणजे चौकोनाच्या कर्णाचा अर्धा. म्हणजे आकडे न वापरता नुसत्या दोरीनेही हे जमावं : अर्ध्या कर्णाएवढी दोरी घ्यायची, कोपऱ्यावर धरून बाजूवर ताणायची, जिथे संपेल तिथे खूण. उरलेला तुकडा बरोबर x असणार.

९ एप्रिल

खोक्याच्या पुठ्ठ्यातून ३४ सेंटिमीटरचा चौकोन कापला. छाट १० सेंटिमीटर, उरली १४. हिशेबाने छाट ९.९६ यायला हवी, म्हणजे कात्रीच्या धारेपुरताच फरक.

चार कोपरे कापून बाजूला पडले होते. पोराने सहज चाळा म्हणून ते जुळवले, चौघांचे काटकोन मध्यभागी टेकवले आणि त्यांचा एक चौकोन झाला. तो उचलून अष्टकोनाच्या बाजूवर ठेवला तर बाजूएवढाच! मी वीस वर्षं हे सूत्र फळ्यावर लिहीत आलेय, पण असं कधी हातात धरलं नव्हतं.

कारण उघड आहे. जुळवलेल्या चौकोनाच्या बाहेरच्या बाजू म्हणजे त्या त्रिकोणांचे कर्ण, आणि ते कर्ण म्हणजेच अष्टकोनाच्या तिरक्या बाजू. म्हणून छाटलेलं एकूण क्षेत्रफळ b², आणि उरलेल्या अष्टकोनाचं

```
क्षेत्रफळ = a² − b²
```

आमच्या पारासाठी १४४ मधून ४.९७१ चा वर्ग, २४.७, वजा केला की ११९.३ चौरस फूट. b च्या जागी a(√२ − १) घालून सोडवलं तर २(√२ − १)a², म्हणजे a² च्या ०.८२८४ पट. चौकोनातलं साधारण सतरा टक्के जातं. मिस्त्रींना तोंडी सांगायचं तर ‘सहावा हिस्सा सोडा’. १४४ चा सहावा भाग २४, उरले १२०. पाऊण फुटाचा फरक, तोंडी हिशेबाला चालून जाईल.

आणि ही नुसती गंमत नाही, यात तपासणी आहे. चार तुकड्यांचा चौकोन अष्टकोनाच्या *सरळ* बाजूवर ठेवून पाहायचा. जुळला तर अष्टकोन नियमित. मिस्त्रींच्या चार-चार-चार पद्धतीने दुसरा पुठ्ठा कापून पाहिला : तुकड्यांचा चौकोन सरळ बाजूच्या दोन्ही टोकांना डोकावत होता. त्या पारावर बसायला मिळाले असते ११२ चौरस फूट. सात फूट कमी, वर आकार बेढब.

१० एप्रिल

पोरगा तक्रार घेऊन आला. त्याने आलेख कागदावर १७ घरांचा चौकोन घेतला, ५ छाटली, ७ ठेवली. हेच माप, फक्त निम्मं. “काकू, छाटलेले त्रिकोण वजा केले की २३९ घरं उरतात, आणि तुमच्या a² − b² ने २४० येतात. एक घर कुठे गेलं?”

चार त्रिकोण मिळून २ × ५² म्हणजे ५०, आणि ७ चा वर्ग ४९. ५० आणि ४९ सारखे नाहीत, तिथे ते एक घर हरवलं. तिरकी बाजू सात नसून ७.०७ आहे. मी त्याला १२-१७-१२ करून पाहायला सांगितलं, ४१ घरांचा चौकोन. तिथे त्रिकोण २८८ आणि वर्ग २८९. पुन्हा एकाचाच फरक, पण उलट्या बाजूला. आता १३९३ आणि १३९२. कागदाची घरं मोजून हा फरक कधी शून्य होणार नाही, कारण एका पूर्ण वर्गाची दुप्पट पुन्हा पूर्ण वर्ग होत नाही. चौकोन मोठा घेत गेलात की ते एक घर एकूण क्षेत्रफळाच्या मानाने नगण्य होतं, एवढंच.

जेवताना नानांनी पाटणचा विषय काढला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आम्ही दरवर्षी जातो, पण तिथल्या इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, हे पोराला ठाऊक नव्हतं. लीलावतीत वर्तुळात बसणाऱ्या नियमित आकृत्यांच्या बाजू दिल्या आहेत. अष्टकोनासाठी : व्यासाला ४५९२२ ने गुणा, १२०००० ने भागा. पोराने पुठ्ठ्याच्या अष्टकोनाचं समोरासमोरच्या टोकांमधलं अंतर मोजलं, ३६.८ सेंटिमीटर. गुणाकार-भागाकार करून आले १४.०८. पुठ्ठ्याच्या सरळ बाजू १४, तिरक्या १४.१४. उत्तर बरोबर दोघींच्या मध्ये! नानांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हटलं, “मग जमलं म्हणायचं.”

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला सुरुवात. दहानंतर उन्हात उभं राहवत नाही. जुन्या विटा काढून जमीन सपाट करून ठेवली होती. मिस्त्रींनी तीन-चार-पाचने काटकोन घेतला, चार खुंट्या ठोकल्या, चारही बाजू टेपने मोजल्या. प्रत्येकी बारा फूट. मी ऐटीत म्हटलं, आता कर्णाची दोरी लावा आणि तिची अर्धी करा.

मिस्त्री माझ्याकडे पाहतच राहिले. कर्णाच्या वाटेत निंब उभा! सात फूट घेराचा बुंधा. चार दिवस कागदावर कर्ण काढताना मला झाड दिसलंच नव्हतं.

निंबाच्याच सावलीत बसून विचार केला. हवाय अर्धा कर्ण. बारा फुटांच्या चौकोनाचा अर्धा कर्ण म्हणजे सहा फुटांच्या चौकोनाचा पूर्ण कर्ण. सहा फूट म्हणजे बाजूचा मध्य. म्हणजे एका कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे मध्यबिंदू घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये तिरकी दोरी ताणायची, तीच लांबी. ही दोरी मधल्या बिंदूपासून सव्वाचार फुटांवरून जाते, बुंध्याला शिवतही नाही. हिशेबाने लांबी ८ फूट ५ इंच साडेसहा सूत यायला हवी.

पहिल्या कोपऱ्यावर आली ८ फूट ६ इंच ४ सूत. शेजारच्या कोपऱ्यावर ८ फूट ५ इंच १ सूत. सव्वा इंचाहून जास्त फरक. “हाई कसं व्हयनं?” मिस्त्री म्हणाले. बाजू पुन्हा मोजल्या, चारही बारा फूट. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर दोरी लावली तर समोरासमोरच्या दोऱ्या सारख्या, शेजारच्या वेगळ्या.

पोराला एकदम सुचलं. नववीच्या भूमितीत आहे : त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक दोरी एका कर्णाची निम्मी. समोरासमोरच्या दोन दोऱ्या एकाच कर्णाच्या निम्म्या, म्हणून त्या नेहमीच सारख्या येणार, आकृती कशीही असो. शेजारच्या दोन वेगवेगळ्या कर्णांच्या. त्या वेगळ्या आल्या म्हणजे कर्णच सारखे नाहीत, आणि आमचा चौरस हा चौरस नसून समभुज चौकोन आहे. झाडाने अडवलेल्या कर्णाऐवजी बसवलेल्या दोरीने न मोजता येणारे दोन्ही कर्ण मोजून दिले.

चूक कुठे झाली तेही सापडलं. तीन-चार-पाच फूट फूटच घेतले होते, आणि तीन फुटांवरची खूण अर्धा इंच सरकली होती. अर्धा इंच तीन फुटांत, तर बारा फुटांत दोन. दुसऱ्यांदा तीन-चार-पाचची प्रत्येक बाजू दुप्पट घेतली, सहा-आठ-दहा. रस्त्याकडच्या दोन्ही खुंट्या जवळजवळ दोन इंच सरकवाव्या लागल्या. आता चारही दोऱ्या सारख्या.

दहा वाजून गेले होते. आखणी उद्यावर.

१४ एप्रिल

मध्यापासून मध्यापर्यंतची दोरी काढून घेतली, तीच कोपऱ्यावरच्या खुंटीला लावली, बाजूवर ताणली, संपली तिथे खिळा. प्रत्येक कोपऱ्यावरून दोन्ही बाजूंना, म्हणजे एकूण आठ खिळे. डावीकडच्या कोपऱ्यावरून लावलेली दोरी उजवीकडची खूण देते, हे मिस्त्रींच्या पोराच्या पचनी पडायला वेळ लागला. तो खूण जवळच्या कोपऱ्याची समजत होता.

मग बाजू मोजल्या. सरळ ५ फूट ५ सूत, तिरक्या ४ फूट ११ इंचांना अर्धा सूत कमी. पावणेदोन इंचांचा फरक! सूत्र चुकलं नव्हतं, दोरी नायलॉनची होती. दुसऱ्यांदा जोरात ओढली गेली आणि अर्धा इंच लांबली. “दोरी लबाडी करी ऱ्हायनी,” मिस्त्री म्हणाले.

अर्ध्या इंचाने इतका गोंधळ का, ते लिहून ठेवते. दोरी अर्धा इंच लांबली की छाट अर्धा इंच कमी होते. सरळ बाजूची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच लांबतात, म्हणजे ती एक इंच वाढते. त्याच वेळी तिरकी बाजू अर्ध्या इंचाच्या √२ पट, पाऊण इंचाला जरा कमी, आखडते. दोन्ही मिळून बाजूंमधला फरक मूळ चुकीच्या ३.४ पट. म्हणून शेजारच्या दोन बाजू मोजणं ही खरी चाचणी. छाटीचं अंतर मोजून जी चूक दिसणार नाही ती इथे तिपटीने मोठी होऊन दिसते. क्षेत्रफळाला मात्र या चुकीचं सोयरसुतक नाही. तिथे एकूण ११९ मध्ये जेमतेम अर्ध्या चौरस फुटाचा फरक.

नायलॉन फेकलं. नऊ फुटांची लाकडी पट्टी घेतली, दोन मध्यबिंदूंच्या खिळ्यांवर आडवी धरून पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि तीच पट्टी आठ वेळा लावली. टेपचा आकडा वाचायचीही गरज नाही. आता सरळ बाजू ४ फूट ११ इंच ५ सूत, तिरक्या ४ फूट ११ इंच ५ सूत. दोन बाजूंत एक-एक सूत इकडेतिकडे. “आते बरोबर शे.”

फक्की टाकली. शाळेतून येणारी पोरं आत उड्या मारून गेल्यामुळे दोनदा टाकावी लागली.

१७ एप्रिल

नऊ इंची भिंतीसाठी आतली रेघ हवी होती. मी शाळेत होते. मिस्त्रींनी आत साडेदहा फुटांचा चौकोन आखला आणि बाहेरचीच छाट, साडेतीन फूट आणि दीड सूत, तिथेही लावली. संध्याकाळी आले तर सरळ भिंतींचा पाया नऊ इंच आणि तिरक्यांचा पावणेतेरा!

आतला चौकोन लहान, तर त्याची छाटही त्याच प्रमाणात लहान हवी. छाट बाजूची ०.२९३ पट, साडेदहा फुटांना ३ फूट ७ सूत. बाहेरच्या सगळ्या मापांतून एकच आकडा वजा करून आतली मापं मिळत नाहीत. गुणावं लागतं. किंवा मग आकडे सोडून आतल्या चौकोनाचे मध्यबिंदू घ्या आणि पट्टी नवी करा. मिस्त्रींना ही दुसरी पद्धत पटली. तिरक्या चार भिंतींची एक थर वीट काढून पुन्हा लावली. निम्मा दिवस गेला, पण चूक मातीच्या पातळीलाच सापडली.

२१ एप्रिल

दीड फूट उंची झाली. कोपऱ्यावर वीट साडेसदुसष्ट अंशांत तासावी लागते, तिथे मिस्त्रींचा हात बघण्यासारखा आहे. विटेवर थापीचा एक टोला, दुसरा टोला, तुकडा निघून पडतो.

आत भराव टाकताना बुंध्याला माती लावायची नाही असं सांगून ठेवलंय, साल कुजते. भोवती चार फुटांच्या चौकोनातून आळंही अष्टकोनीच करायचं ठरलं. हा पोराचा हट्ट.

२५ एप्रिल

फरशीवाल्याशी वाजलं. शहाबादी लावणारा कारागीर म्हणतो, बारा बारे एकशे चव्वेचाळीस, एवढी मजुरी. मी ११९ सांगितले तर म्हणाला, आम्ही मोठ्या मापाने धरतो. मग मी कागद काढला आणि काढताना माझीच एक चूक सापडली.

फरशीची कड भिंतीच्या बाहेर दीड इंच काढायची आहे, पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून. दीड इंच म्हणजे काय, असं मला वाटलं होतं. पण दोन्ही बाजूंनी दीड, म्हणजे फरशीपुरता चौकोन बारा नव्हे, सव्वाबारा फुटांचा. सव्वाबाराचा वर्ग १५०. त्याच्या ०.८२८४ पट म्हणजे १२४.३. दीड इंचाच्या कडेने पाच चौरस फूट वाढवले. एकूण घेर चाळीस फुटांच्या आसपास आहे, त्याला दीड इंच रुंदीची पट्टी सगळीकडून लागते. पाच फूट होणारच.

आळ्याचा अष्टकोन वजा करायचा. इथे दोन अष्टकोन वेगवेगळे काढत बसायची गरज नाही, कारण दोघांचा गुणक एकच. चौकोनांचीच वजाबाकी करायची, १५० उणे १६, आणि शेवटी एकदा गुणायचं. आले १११ चौरस फूट.

कारागिराची एक गोष्ट मात्र खरी आहे. दोन बाय दोनच्या फरशा सरळ ओळीत लावल्या की तिरक्या चार कडांवर त्या कर्णात कापाव्या लागतात. एका कडेला निघालेला त्रिकोण दुसरीकडे बसतो, पण कापताना शहाबादीचा पापुद्रा उडतो आणि काही तुकडे वाया जातात. म्हणून माल १११ चा मागवून भागणार नाही. मी १२४ चा मागवला, म्हणजे आळं वजा न करता, तेवढं मोडतोडीला. मजुरी मात्र लागलेल्या १११ चीच, आणि तिरक्या कापाचे वेगळे, फुटावर, चार कडांचे वीस फूट. तो थोडा कुरकुरला. मग चहा घेतला आणि कबूल झाला.

भिंतीचं प्लास्टर करणाऱ्याचा हिशेब सोपा निघाला. चौकोनाचा घेर ४८ फूट, अष्टकोनाचा ३९ फूट ९ इंच. हाही ०.८२८४ पटच! चौकोन आणि अष्टकोन दोघांच्याही आत बारा फूट व्यासाचं तेच वर्तुळ बसतं, प्रत्येक बाजू मध्यापासून सहा फुटांवर. क्षेत्रफळ म्हणजे घेर गुणिले सहा, त्याचं निम्मं. म्हणून घेर जितक्या पट तितक्याच पट क्षेत्रफळ. ३९.७७ ला तीनने गुणलं, ११९.३. हा ताळा मिळाला तेव्हा बरं वाटलं.

२९ एप्रिल

फरशी झाली, सांधे भरले. रात्री उजेडात पोराने आठही कडा मोजल्या. हिशेबाने प्रत्येक ५ फूट ७ सूत हवी. सात कडा एका सुताच्या आत. भिंतीकडची आठवी तीन सूत आखूड आहे. तिथे कारागीर पाठमोरा बसून काम करत होता, जागा अरुंद. मुद्दाम सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही. पोराने तिथे फरशीखालच्या सिमेंटवर खिळ्याने ‘−३’ लिहून ठेवलंय.

कापलेल्या फरश्यांचे चार मोठे त्रिकोण उरले होते. ते त्याने घराच्या मागच्या दारी न्हाणीजवळ जुळवून बसवले, काटकोन मध्यभागी. फूट-दोन फुटांचा चौकोन झालाय, पाय पुसायला.

संध्याकाळी नणंद आली, खापरावरचे मांडे उद्या. ती पारावर बसली होती तेव्हाच शेजारच्यांची ट्रॉली वळली. ड्रायव्हरने सवयीने गती कमी केली, मान बाहेर काढून कोपरा शोधला आणि एकाच वळणात गल्लीत शिरला.